पाळीआधीचे आठ दिवस आणि एक वही

‘पाळी जवळ आली असेल!’ हे वाक्य आपल्याकडे दोन प्रकारे उच्चारले जाते. कचेरीत एखादी सहकारी जरा आवाज चढवून बोलली की तिच्या पाठीमागे हसत हसत. आणि घरात, भांडण विकोपाला गेले की टोमणा म्हणून. दोन्ही वेळा त्याचा अर्थ एकच असतो, की बाईच्या रागाला काही कारण नाही, तिचे म्हणणे मनावर घेऊ नका. या वाक्याची एक तिसरी बाजूही आहे. थोड्या स्त्रियांच्या बाबतीत ते अक्षरशः खरे असते. त्यांच्या महिन्यातले सात-आठ दिवस खरोखरच त्यांचे नसतात, आणि ते दिवस सरले की त्या पुन्हा आपल्या आपण होतात. त्यांचा हा त्रास औषधाने बराचसा आटोक्यात येऊ शकतो. मात्र त्या थोड्या स्त्रिया कोणत्या, हे ओळखण्याची रीत जरा वेगळी आहे. तिला रक्ताची तपासणी लागत नाही की सोनोग्राफी. तिला लागते एक वही, एक पेन आणि दोन महिन्यांचा धीर.

मी मानसोपचाराचा व्यवसाय करते. पाळी आणि मनःस्थिती यांचा संबंध सांगत येणाऱ्या स्त्रिया माझ्याकडे पुष्कळ येतात. कोणी आपणहून येते, कोणाला स्त्रीरोगतज्ज्ञ पाठवतात, कोणाला नवरा घेऊन येतो. या सर्वांचा आजार एकच नसतो.

पाळीआधी स्तन जड होणे, पोट फुगणे, थोडी चिडचिड होणे, गोड खावेसे वाटणे यांपैकी काहीतरी बहुसंख्य स्त्रियांच्या अनुभवाचे आहे. तो आजार नव्हे. आजार म्हणायचा तो त्यापुढचा. त्यात राग, रडू, भीती किंवा नैराश्य इतके वाढते, की नोकरी, संसार, नाती सगळ्यांवर घाव बसतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८७ साली तो आपल्या निदानसंहितेच्या परिशिष्टात घातला, १९९४ साली त्याला ‘प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर’ हे नाव दिले आणि २०१३ साली परिशिष्टातून काढून मुख्य यादीत नैराश्याच्या विकारांमध्ये बसवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीतही त्याला जागा मिळाली. मराठीत ‘पाळीपूर्व विषण्णता’ म्हणता येईल. डॉक्टरमंडळी पीएमडीडी म्हणतात, आणि सोयीसाठी या लेखात मीही तेच म्हणणार आहे.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय छत्तीस, दोन मुले, दुसऱ्या मुलाच्या वेळी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली. त्या म्हणाल्या, “मॅडम, महिन्यातले पंधरा दिवस मी राक्षसीण असते. वर्गात मुलांवर डस्टर फेकून मारावासा वाटतो. घरी सासूबाईंनी ‘चहा ठेवतेस का’ म्हटलं तरी डोक्यात तिडीक जाते. मग रात्री मोरीत जाऊन रडते. आणि पाळी आली की दुसऱ्या दिवशी सगळं स्वच्छ. मग आठवतं मी काय काय बोलले ते.” सोबत आलेल्या त्यांच्या यजमानांच्या हातात एक फाइल होती. तीत थायरॉइडचा, हिमोग्लोबिनचा आणि बऱ्याच संप्रेरकांचा अहवाल होता. सगळे आकडे ठीक होते. “सगळं नॉर्मल आहे म्हणतात, मग हे काय आहे?” असा त्यांचा प्रश्न होता.

संप्रेरकांचे आकडे ठीक येणारच होते. पीएमडीडीमध्ये इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन कमी-जास्त झालेले नसते. १९९८ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या पीटर श्मिट, डेव्हिड रुबिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे निर्णायक ठरतो. पाळीआधीच्या त्रासाच्या रुग्णांना इंजेक्शन देऊन त्यांनी बीजकोशांचे काम थांबवले. निम्म्याहून थोड्या अधिक स्त्रियांचा त्रास त्यामुळे ओसरला. मग त्यांनाच बाहेरून, नेहमीच्या प्रमाणात, इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन देऊ लागताच त्रास परत आला. असा त्रास कधीच नसलेल्या स्त्रियांना हेच सगळे दिले, तेव्हा त्यांच्या मनःस्थितीत काही फरक पडला नाही. म्हणजे संप्रेरक तेच, प्रमाणही तेच. वेगळा आहे तो त्याला उत्तर देणारा मेंदू. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत एक द्रव्य तयार होते. ते एरवी मनाला शांत करते. या स्त्रियांत त्याच्या चढउताराशी मेंदू नीट जुळवून घेत नाही, असे आज मानले जाते. या कारणासाठी केलेली संप्रेरकांची महागडी तपासणी म्हणूनच निरुपयोगी असते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र पाहावे, कारण त्यांतल्या बिघाडानेही थकवा आणि चिडचिड होते.

मग निदान करायचे कशावरून? बाईंच्या सांगण्यावरून का नाही? त्या काही खोटे बोलत नव्हत्या. पण आठवण हा फार पक्षपाती कारकून आहे. पाळीआधी झालेले भांडण तो ‘पाळी’ या खात्यावर जमा करतो, आणि पाळीनंतर झालेले भांडण कोणत्याच खात्यावर न मांडता सोडून देतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित पाहणीत, एकदाच विचारून केलेल्या निदानाप्रमाणे पीएमडीडीचे प्रमाण ७.७ टक्के भरले. रोजच्या नोंदींनी पक्के केलेल्या निदानाप्रमाणे ते ३.२ टक्के राहिले. म्हणून निदानसंहितेची अट अशी, की निदान निदान दोन पाळीचक्रांच्या रोजच्या नोंदींवरून पक्के करावे. तोवर ते तात्पुरते समजावे.

या नोंदींसाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा तक्ता अमेरिकेतल्या जीन एंडिकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. त्यात एकवीस ओळी आहेत: उदास वाटले, निराश वाटले, चिंता वाटली, एकदम रडू आले, राग आला, भांडण झाले, कशात रस वाटला नाही, लक्ष लागले नाही, थकवा आला, झोप जास्त किंवा कमी झाली, अंग सुजल्यासारखे वाटले, वगैरे. शेवटी तीन ओळी कामावर, छंद-भेटीगाठींवर आणि नात्यांवर झालेल्या परिणामाच्या. प्रत्येक ओळीपुढे रोज एक ते सहा यांपैकी एक आकडा लिहायचा. एक म्हणजे मुळीच नाही, सहा म्हणजे पराकोटीचे. मी हा तक्ता माझ्या रुग्णांसाठी सोप्या मराठीत करून घेतला आहे.

बाईंना मी तीन गोष्टी बजावल्या. पहिली, नोंद रोज रात्री झोपण्यापूर्वी करायची. आठवडाभराची एकदम शनिवारी बसून लिहिली, तर ती पुन्हा आठवणच झाली. दुसरी, आदल्या दिवसांचे आकडे झाकून ठेवायचे, म्हणजे हात आपोआप कालच्या आकड्याकडे वळत नाही. तिसरी, पाळीचा पहिला दिवस लाल पेनाने लिहायचा, आणि औषध, आजारपण, घरातला मोठा प्रसंग असे काही असेल तर ते बाजूच्या समासात एका ओळीत टिपायचे. “मीच भरू का तिचा तक्ता? मला जास्त नीट दिसतं,” असे यजमान उत्साहाने म्हणाले. मी नको म्हटले. त्यांना जे दिसते तो राग असतो; आतली भीती आणि उदासी त्या घरात एकट्या बाईंनाच दिसते.

येथे एक अपवाद स्पष्ट सांगायला हवा. मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर वही भरून होईपर्यंत कोणी थांबू नये. पीएमडीडीमध्ये असे विचार दुर्मीळ नाहीत, आणि ते त्या काही दिवसांपुरतेच येतात म्हणून कमी धोक्याचे ठरत नाहीत. अशा वेळी उपचार लगेच सुरू करायचे असतात. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते. आमच्या शिक्षिकाबाईंना तसे विचार नव्हते, म्हणून आम्हाला वाट पाहणे परवडले.

त्यांचे पहिले चक्र एकोणतीस दिवसांचे निघाले. तपासताना सबंध महिन्याकडे पाहायचे नसते. दोन आठवडे शेजारी ठेवायचे: पाळीच्या आधीचे सात दिवस, आणि पाळीच्या चौथ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंतचे सात दिवस. मधले दिवस बाजूला. ‘राग, चिडचिड’ या ओळीत पाळीआधीच्या सात दिवसांत त्यांनी ४, ४, ५, ५, ६, ५, ४ असे आकडे लिहिले होते. बेरीज तेहेतीस, सरासरी साधारण ४.७. पाळीनंतरच्या आठवड्यात २, १, १, १, १, २, १. बेरीज नऊ, सरासरी १.३. दोन सरासऱ्यांतला फरक ३.४. बाईंनी एकपासून सहापर्यंत आकडे वापरले होते, म्हणजे त्यांच्या मोजपट्टीची लांबी पाच. पाचापैकी ३.४ म्हणजे दोन तृतीयांशांहून थोडे जास्तच. या हिशेबाच्या प्रचलित रीतीत तीस टक्के फरक पुरेसा धरतात.

पण केवळ फरक पुरत नाही. आणखी दोन कसोट्या असतात. त्रासाच्या आठवड्यात निदान दोन दिवस तरी आकडा चार किंवा वर गेला पाहिजे, आणि नंतरच्या आठवड्यात तो एकदाही तीनच्या वर जाता कामा नये. एखादे लक्षण या सर्व कसोट्यांना उतरले तरच ते मोजायचे. अकरा लक्षणांपैकी निदान पाच अशी मोजली गेली पाहिजेत, आणि त्यांत मूड झपाट्याने बदलणे, राग, उदासी, चिंता या चारांपैकी एक तरी हवे. बाईंची सहा लक्षणे उतरली. कामावरच्या परिणामाचा आकडाही त्या आठवड्यात चारच्या खाली आला नव्हता.

वहीने आणखी एक गोष्ट दाखवली. ‘पंधरा दिवस राक्षसीण’ हे काही खरे नव्हते. चिडचिडीचा आकडा एकविसाव्या दिवशी तीनवर गेला होता, तेविसाव्या दिवसापासून चार किंवा वर राहिला आणि पाळीच्या दुसऱ्या दिवशी दोनवर उतरला. खरे कठीण दिवस सात-आठ. बाराव्या दिवशी एकदा पाच लिहिले होते, आणि समासात टीप होती: ‘शाळेची तपासणी. साहेबांनी वर्गासमोर सुनावले.’ तो राग पाळीचा नव्हता, साहेबांचा होता. आपला राग सगळाच आजार नाही, त्यातला काही रास्त आहे, हे कागदावर पाहून बाईंना जे हायसे वाटले ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसले.

दुसरे चक्र मात्र आम्हाला सोडून द्यावे लागले. भाद्रपद आला होता. गौरींच्या दिवसांत पाळी येणार म्हणून बाईंनी घरच्या रिवाजाप्रमाणे पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या. या गोळ्यांत बहुधा नोरएथिस्टेरॉन असते. ते प्रोजेस्टेरॉनसारखे काम करते, आणि गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांनी पाळी येते. त्या महिन्याचा तक्ता पाहिला तर कठीण दिवस लांबलेले आणि आकडे वर. पण ते चक्र निसर्गाचे राहिलेच नव्हते, त्यामुळे त्यावरून निदान करणे चुकीचे झाले असते. महाराष्ट्रात हे फार ध्यानात ठेवण्यासारखे आहे. गणपती, नवरात्र, लग्नकार्य यांसाठी घेतलेली गोळी समासात लिहिलेली नसली, तर सबंध हिशेब फसतो. नवरात्राच्या सुमाराला भरलेले पुढचे चक्र पुन्हा पहिल्यासारखे निघाले, आणि निदान पक्के झाले.

वही नेहमी असेच उत्तर देते असे नाही. त्याच काळात एका बँकेत काम करणाऱ्या दुसऱ्या बाई तक्ता भरत होत्या. त्यांचीही तक्रार शब्दशः तीच. पण त्यांच्या तक्त्यात पाळीनंतरच्या आठवड्यातही उदासीचे आकडे तीन आणि चारच्या आसपास होते. पाळीआधी ते पाच-सहावर जात. म्हणजे स्वच्छ आठवडा कधी येतच नव्हता. पाळी येऊन गेली की त्यांना बरे वाटे ते केवळ तुलनेने. हा पीएमडीडी नव्हे. हे महिनाभर मुरलेले नैराश्य, पाळीआधी उसळी मारणारे. त्यांना महिन्यातून पंधरा दिवस गोळी देऊन भागणार नव्हते. नैराश्याचा पूर्ण, अखंड उपचार करावा लागला. तक्रार सारखी, उपचार वेगळा, आणि दोघींमधला फरक दिसला तो फक्त चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या सात रकान्यांत.

आता उपचार. शिक्षिकाबाईंना मी नैराश्यावरच्या गोळ्यांचे नाव काढताच यजमान चपापले. “म्हणजे हिला कायमच्या वेडाच्या गोळ्या?” शंका स्वाभाविक होती, म्हणून तिचे उत्तर जरा विस्ताराने देते. मेंदूतील सेरोटोनिनवर काम करणाऱ्या फ्लुओक्झेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम या गटातल्या गोळ्या पीएमडीडीमध्ये पहिल्या पसंतीच्या मानल्या जातात. १९९५ साली कॅनडात झालेल्या मोठ्या चाचणीत फ्लुओक्झेटिनचा उपयोग दिसला. त्यातही रोज वीस मिलिग्रॅम पुरले. साठने फायदा फारसा वाढला नाही, त्रास मात्र वाढला. विशेष असे, की नैराश्यात या गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात, पीएमडीडीत तो दोन-चार दिवसांत दिसू लागतो. म्हणजे गोळी तीच असली तरी ती येथे काही वेगळ्या वाटेने काम करत असावी. याच कारणाने ती महिनाभर घेण्याची सक्ती उरत नाही.

ती घेण्याच्या तीन रीती आहेत. पहिली, रोज. दुसरी, पाळीच्या अपेक्षित तारखेआधी चौदा दिवस सुरू करून पाळी आली की थांबवणे. तिसरी, त्रास सुरू झाला त्या दिवसापासून पाळी येईपर्यंत. २०२४ सालच्या कोक्रेन आढाव्यात ३४ चाचण्या आणि साडेचार हजारांहून अधिक स्त्रिया यांचा विचार केला आहे. त्यावरून असे दिसते, की गोळ्या दोन्ही प्रकारे उपयोगी पडतात, पण रोज घेणे हे पंधरा दिवस घेण्यापेक्षा बहुधा जास्त परिणामकारक ठरते. तिसऱ्या रीतीचा पुरावा अजून पातळ आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या सर्ट्रालिनच्या एका चाचणीत तिचा फायदा मुख्यतः राग आणि चिडचिड यांवर दिसला, मुख्य मोजपट्टीवर तो ठळक नव्हता.

मग सर्वांनाच रोज का देऊ नये? कारण गोळीची किंमत शरीरही मोजते. मळमळ, झोपेत फरक, घाम आणि विशेषतः कामेच्छा कमी होणे. ही शेवटची तक्रार आपल्याकडे बायका बोलून दाखवत नाहीत, पण गोळ्या गुपचूप बंद करतात. म्हणून मी ती आधीच विचारून ठेवते. पंधरा दिवसांच्या रीतीत ती सहसा कमी जाणवते. मात्र त्या रीतीला तीन अटी आहेत: पाळी नियमित हवी, पाळीनंतरचा आठवडा वहीत खरोखर स्वच्छ हवा, आणि तारखा सांभाळण्याची शिस्त हवी. पाळी कधी चोवीस तर कधी अडतीस दिवसांनी येत असेल, तर चौदा दिवस आधीची तारीख काढायची कोठून? तेथे रोजची गोळीच बरी. कोणत्याही रीतीने गोळी देण्यापूर्वी एक प्रश्न मात्र विचारावाच लागतो. कधी कारणाशिवाय अनेक दिवस अति उत्साह, झोपेची गरजच न वाटणे, बेफाम खर्च असे झाले होते का? उत्तर ‘हो’ असेल, तर आजार दोन टोकांचा असू शकतो, आणि या गोळ्या त्याला भडकवू शकतात.

संप्रेरकांचा मार्गही होता. त्यात पुरावा असलेली गोळी म्हणजे ड्रोस्पिरेनॉन आणि कमी मात्रेचे इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी, चोवीस दिवस घ्यायची आणि चार दिवस थांबायचे. अमेरिकेत २००६ साली तिला पीएमडीडीसाठी मान्यता मिळाली. ती स्त्रीबीज बाहेर पडूच देत नाही, त्यामुळे संप्रेरकांचा चढउतार सपाट होतो. चाचण्यांत तिचा फायदा दिसला, पण औषध नसलेल्या गोळीनेही बऱ्याच जणींना बरे वाटले होते, त्यामुळे खरा फरक वाटतो तितका मोठा नाही. जिला गर्भनिरोधन हवेच आहे आणि मेंदूवरच्या गोळ्या नको आहेत, तिच्यासाठी ही चांगली निवड. जिला दिवस राहायला हवे आहेत, तिच्यासाठी अर्थातच नाही.

आमच्या बाईंच्या बाबतीत हा निर्णय पुन्हा वहीनेच केला. दुसऱ्या महिन्याच्या समासात एके ठिकाणी लिहिले होते: ‘डोळ्यांपुढे नागमोडी चमक, वीस मिनिटे, मग अर्धे डोके दुखले.’ विचारल्यावर कळले, की हे वर्षातून तीन-चारदा होते. ‘पित्त’ म्हणून सोडून दिले जाते. ही पूर्वसूचनेसह येणारी अर्धशिशी. अशा स्त्रियांनी इस्ट्रोजेन असलेली गोळी घेऊ नये, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. रक्तदाब जास्त असलेल्या, पायात गुठळी होऊन गेलेल्या आणि पस्तिशीपुढच्या धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांनाही ती वर्ज्य. शिवाय शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे बाईंना गर्भनिरोधनाची गरजच नव्हती. दार बंद झाले.

त्यांच्या फाइलीत मागे कोणीतरी लिहून दिलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्याही होत्या. पाळीआधी प्रोजेस्टेरॉन कमी पडते, ते भरून काढावे, ही इंग्लंडमधल्या डॉ. कॅथरिना डाल्टन यांनी लोकप्रिय केलेली कल्पना. १९५३ साली रेमंड ग्रीन यांच्यासह लेख लिहून या त्रासाला वैद्यकात ओळख मिळवून देण्याचे श्रेय त्यांचे. उपायाबाबतची त्यांची कल्पना मात्र चाचणीत टिकली नाही. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत प्रोजेस्टेरॉन हे औषध नसलेल्या नकली उपचारापेक्षा सरस ठरले नाही. उणीव नसलेली वस्तू भरून काय निघणार?

बाईंना आम्ही सर्ट्रालिन दिले, पंधरा दिवसांच्या रीतीने. पाळी अठ्ठावीस-तीस दिवसांनी येत होती, म्हणून पंधराव्या दिवसापासून ५० मिलिग्रॅम सकाळी, पाळीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. तक्ता चालूच ठेवायला सांगितले, कारण ज्या मोजपट्टीने निदान केले तिनेच उपचारही मोजायचा असतो. पहिल्याच महिन्यात पाळीआधीच्या आठवड्यात रागाची सरासरी ४.७ वरून २.४ वर आली. पण गोळी सुरू केल्यावर तीन दिवस सकाळी मळमळ झाली, आणि दुसऱ्या महिन्यात गोळी पुन्हा सुरू करताच ती परत आली. थांबून थांबून घेण्यात हा दोष आहे. शरीराला प्रत्येक वेळी नव्याने सवय करावी लागते. तेव्हा पहिले तीन दिवस निम्मी गोळी, जेवणानंतर, असे केले. तिसऱ्या महिन्यात समासात मळमळीची नोंद नव्हती. तिचा उपद्रव चालूच राहिला असता, तर आम्ही रोजच्या गोळीकडे वळलो असतो.

जिला एका गोळीने गुण येत नाही तिला मात्रा वाढवून, रोज देऊन, मग त्याच गटातली दुसरी गोळी देऊन पाहावे. प्रत्येक बदलाला दोन-तीन चक्रे द्यावीत. त्यापुढे बीजकोशांचे काम थांबवणारी दरमहाची इंजेक्शने आहेत. त्यांनी पाळी थांबते, पण अंगातून वाफा येतात आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात; म्हणून सोबत थोडी संप्रेरके परत द्यावी लागतात, आणि त्यांनी सुरुवातीला काही जणींना पुन्हा त्रास होतो. बीजकोश काढून टाकण्याची शस्त्रक्रिया हा अगदी शेवटचा उपाय. इंजेक्शनाने त्रास खरोखर थांबतो हे आधी पाहिल्याशिवाय तिचा विचारही करू नये. फारच थोड्या स्त्रिया तेथवर पोचतात.

गोळी किती दिवस, हा प्रश्न शेवटी येतोच. हा आजार पाळी कायमची जाईपर्यंत राहू शकतो, आणि गोळी थांबवल्यावर बऱ्याच जणींना तो काही चक्रांतच परत येतो. म्हणून निदान वर्षभर तरी उपचार चालू ठेवून मग डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवून पाहावे, आणि थांबवण्याच्या महिन्यापासून तक्ता पुन्हा भरायला घ्यावा. आमच्या बाई आता पूर्ण तक्ता भरत नाहीत. चिडचिड, उदासी आणि काम या तीनच ओळी त्या भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’च्या चौकटीत रोज रात्री तीन आकड्यांत लिहितात. मागच्या भेटीत त्यांनी ते पान दुमडून आणले होते. पाळीआधीच्या आठवड्यात बहुतेक दोन आणि तीन होते, एका दिवशी चार. त्या चारखाली बारीक अक्षरात लिहिले होते: ‘परत तपासणी.’